२६ जानेवारीचा मेसेज: शेजारच्या सोसायटीत चालणार नाही असा

प्रश्न: यंदा सोसायटीची सेक्रेटरी झालेय आणि ऑफिसात चौदा जणांची टीमही माझ्याकडे आहे. २६ जानेवारीला दोन्हीकडे काहीतरी लिहावं लागणार. दरवर्षी तिरंग्याचा फोटो आणि दोन ओळींची शायरी फॉरवर्ड होते, कोणी वाचतही नाही. मनापासून लिहिलंय असं वाटेल, पण भाषण वाटणार नाही, असं काय लिहू?

तुमची अडचण भाषेची असेल असं मला वाटत नाही. तुम्ही प्रश्न ज्या मराठीत विचारलाय, तीच मराठी मेसेजला पुरते. अडचण वेगळी आहे. २६ जानेवारीला नेमकं काय झालं आणि त्याचा आपल्या जिन्याशी, गेटशी, टेबलाशी काय संबंध, हे आपण ठरवलेलंच नसतं. सांगायला काही नसलं की हात आपोआप शब्दांच्या ढिगाकडे जातो: शान, अभिमान, बलिदान, नतमस्तक. शायरी तर तयारच असते.

मी एकवीस वर्षं एका कारखान्याची गृहपत्रिका काढली आणि त्यातली सात वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरीही होते. जानेवारी-ऑगस्ट धरून असे पन्नासेक मेसेज माझ्या हातून गेले असतील. निम्मे वाईट होते. एका वर्षी मी बर्फात झेंडा घेऊन उभ्या असलेल्या जवानाचा फोटो आणि खाली चार जळजळीत ओळी टाकल्या. संध्याकाळी तळमजल्यावरचे निवृत्त सुभेदार भेटले. म्हणाले, "वहिनी, हाच फोटो तुम्ही २६ जुलैलाही टाकला होता." घरी येऊन पाहिलं तर खरंच, कारगिल दिनाला हाच होता, ओळींसकट. दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "आणि तो जवान आपला नाही. हातातली रायफल बघा त्याच्या." ज्यांच्या सन्मानासाठी म्हणून मी तो फोटो टाकला होता, त्या माणसाने तो माझ्यापेक्षा नीट पाहिला होता.

त्यानंतर मी स्वतःला एक साधी परीक्षा लावून घेतली. लिहिलेला मेसेज शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर जसाच्या तसा चिकटवला तर चालेल का? तारीख बदलून १५ ऑगस्टला चालेल का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर मी तो पुसते. पहिल्या प्रश्नामुळे मेसेजमध्ये आपली माणसं येतात, दुसऱ्यामुळे तो दिवस येतो.

आधी दिवसाबद्दल थोडं सांगते, कारण लिहायचा मजकूर तिथूनच मिळतो. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले, पण त्यानंतरची जवळजवळ अडीच वर्षं भारत कागदोपत्री डोमिनियन होता. सहावा जॉर्ज हाच आपला राजा होता आणि दिल्लीत गव्हर्नर जनरल होते. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं आणि २६ जानेवारी १९५० ला ते लागू झालं. त्या दिवशी राजा गेला आणि राजेंद्र प्रसादांनी राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. दोन महिने थांबून २६ जानेवारीच धरली, कारण १९३० साली याच तारखेला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. म्हणजे १५ ऑगस्ट हा कोणीतरी गेल्याचा दिवस, आणि २६ जानेवारी हा यापुढे आपण कसं वागायचं ते आपणच ठरवल्याचा दिवस. उद्देशिकेची शेवटची ओळ तेच सांगते: हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. देणारे आपण आणि घेणारेही आपणच.

यातून मला लिहिण्यापुरता एक प्रश्न मिळाला, आणि पुढचे सगळे मेसेज मी त्याच प्रश्नावर लिहिले: या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून काय ठरवलं, आणि न पटूनही ते कोणी पाळलं? प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. जिंकलेल्यांचं कौतुक सगळेच करतात. ज्यांचं मत पडलं नाही ते दुसऱ्या दिवशी काय करतात, यावर सोसायटी चालते, आणि देशही. सोसायटीच्या बाबतीत ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. संघटना स्थापन करण्याचा जो हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, त्यात ‘सहकारी संस्था’ हे शब्द २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने घातलेले आहेत. तुमची सोसायटी थेट त्या कलमात बसते.

आता आमचंच एक उदाहरण सांगते, कारण नुसत्या नियमांनी मेसेज लिहिता येत नाही.

आमच्या बी विंगला दोन लिफ्ट आहेत. पुढच्या लिफ्टजवळ एक पत्र्याची पाटी होती: ‘कामवाल्या बायका व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये.’ मागची छोटी लिफ्ट त्यांच्यासाठी, आणि ती महिन्यातले आठ-दहा दिवस बंद. मग सातव्या मजल्यावर भांडी घासायला येणाऱ्या मावशी जिन्याने चढत. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी पाटी काढण्याचा ठराव मांडला. तासभर वाद झाला. सकाळी ऑफिसच्या वेळी गर्दी होते, लिफ्टचा देखभाल खर्च आम्ही भरतो, वगैरे. हात वर करून मतदान झालं, ३१ विरुद्ध ११, आणि पाटी निघाली. आश्चर्य पुढेच होतं. मला वाटलं होतं, आता चार महिने रोज भांडणं ऐकावी लागणार. तसं काही झालं नाही. विरुद्ध मत दिलेले लोकही मावशींबरोबर लिफ्टमध्ये उभे राहू लागले.

जानेवारीत मेसेज लिहायला बसले तेव्हा हाच विषय घ्यायचा हे पक्कं होतं. पहिला मसुदा असा झाला:

"प्रजासत्ताक म्हणजे समानता! सप्टेंबरमध्ये लिफ्टची पाटी काढून आपण संविधानाला खरी मानवंदना दिली. ३१ विरुद्ध ११ मतांनी आपल्या सोसायटीने दाखवून दिले की आपल्याकडे वन बीएचके असो वा थ्री बीएचके, प्रत्येक घराला एक मत आहे. बाबासाहेबांच्या स्वप्नातला भारत घडवूया!"

यात माहिती खोटी नाही, तरी हा मेसेज पाठवला असता तर मी ग्रुपमध्ये आग लावली असती. एकेक कारण सांगते, कारण तुमच्याही पहिल्या मसुद्यात यातलं काहीतरी येईल.

‘खरी मानवंदना दिली’ यात आपणच आपली पाठ थोपटतोय. पाटी मुळात आपणच लावली होती. काढली यात विशेष ते काय, असं वाचणारा म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल.

‘३१ विरुद्ध ११’ लिहिलं की ते अकरा कोण हे सगळे मोजू लागतात. हात वर करून मतदान झालेलं, तेव्हा आठवायला वेळ लागत नाही. अकरा घरांना सणाच्या सकाळी चारचौघात उभं केल्यासारखं झालं असतं.

‘प्रत्येक घराला एक मत’ हे वाक्य मला फार आवडलं होतं आणि काढताना जीवावर आलं. घर तीनशे चौरस फुटांचं असो की हजाराचं, सभासदाला मत एकच, हा सहकार कायद्याचा नियमच आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळालं. शिक्षण, जमीन, कर यांची अट उरली नाही. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांपर्यंत त्या अटी होत्या. तुलना म्हणून छान जमते. पण आमच्या ४८ पैकी ९ घरांत भाडेकरू राहतात. ते ग्रुपवर आहेत, झेंडावंदनाला सगळ्यात आधी तेच येतात, आणि सोसायटीच्या सभेत त्यांना मत नाही. ज्या मावशींबद्दल ठराव झाला त्यांनाही नव्हतं. ‘प्रत्येक घराला’ म्हणताना मी नऊ घरं विसरले होते.

बाबासाहेबांचं नाव मात्र मी खूप विचार करून काढलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी जे बजावलं, ते आमच्या लिफ्टला तंतोतंत लागू होतं: राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमता राहील, आणि २६ जानेवारी १९५० ला आपण या विसंगतीत पाऊल टाकणार आहोत. मग नाव का काढलं? कारण ‘स्वप्नातला भारत घडवूया’ या वाक्यात ते नाव फक्त शोभेला बसलं होतं. त्याऐवजी झेंडावंदनानंतर उद्देशिका वाचायची असं ठरवलं. पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीलाच ती छापलेली असते, मुलांना सहज मिळते आणि वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द त्यात आहेतच. ते मुलांच्या तोंडून ऐकले की माझ्या टिप्पणीची गरज राहत नाही.

दुसरा मसुदा मी पाठवण्याआधी बी विंगमधल्या एका काकांना दाखवला. ते त्या अकरांपैकी एक होते. ही पायरी चुकवू नका. मेसेज ज्यांना टोचू शकतो, अशा एका तरी माणसाला तो आधी दाखवावा, आपल्या बाजूच्या मैत्रिणीला दाखवून उपयोग नाही. मी लिहिलं होतं, ‘ठरावाच्या विरोधात असलेल्यांनीही...’ काका म्हणाले, "अहो, मी विरोधात नव्हतो. मला फक्त ८:५३ ची फास्ट पकडायची असते." पाच मिनिटांत त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. ‘विरोधात’ हा शब्द गेला. आणि गर्दीचा त्रास खरा होता, तो त्यांनी सोसला होता, हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं हेही कळलं. आभार मानायचे तर कशाबद्दल मानतोय ते लिहायला हवं ना.

शेवटी २५ च्या संध्याकाळी गेलेला मेसेज असा होता:

"नमस्कार. उद्या, २६ जानेवारीला, सकाळी ८ वाजता गेटजवळ झेंडावंदन आहे. नंतर ए विंगमधली दोन मुलं संविधानाची उद्देशिका वाचतील. दोन मिनिटं लागतात, तेवढं थांबा.

सप्टेंबरच्या सभेनंतर बी विंगच्या लिफ्टजवळची पाटी आपण काढली. ज्यांना तो निर्णय पटला नव्हता त्यांनीही दुसऱ्या दिवसापासून तो पाळला. सकाळच्या गर्दीत लिफ्टसाठी थांबावं लागलं, तरी कोणी कोणाला अडवलं नाही. त्याबद्दल मनापासून आभार.

शेवटी जिलेबी आहे. घरी कामाला येणाऱ्यांनाही सांगा, त्यांच्यासकट मोजून मागवली आहे."

खाली माझं नाव आणि ‘सेक्रेटरी’. बस्स. यात देश, तिरंगा, अभिमान यातला एकही शब्द नाही, शुभेच्छासुद्धा नाहीत. हवं तर शेवटी ‘प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा’ लिहा, त्याने काही बिघडत नाही. मात्र सुरुवातीला लिहू नका. फोनवर मेसेज येतो तेव्हा पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि त्या ‘समस्त रहिवाशांना हार्दिक शुभेच्छा’ असल्या तर अंगठा पुढे सरकतो. वेळ आणि जागा आधी आली की लोक कामाचा मेसेज म्हणून उघडतात.

लांबी साधारण सत्तर-ऐंशी शब्द. त्यापेक्षा जास्त झालं तर मेसेज आवळू नका, त्यातला एखादा विषयच काढून टाका. मोठ्याने वाचून पाहा. जी ओळ तुम्ही जिन्यात एखाद्या शेजारणीला तोंडाने म्हणणार नाही, ती लिहूही नका. मी कधीच कोणाला ‘नतमस्तक’ म्हटलेलं नाही.

आता हे सगळीकडे असंच चालेल का? नाही. आमच्याकडे वाद मिटला होता, चार महिने उलटले होते, म्हणून तो विषय घेता आला. तुमच्याकडे पुनर्विकासाचं भांडण उपनिबंधकांपर्यंत गेलं असेल किंवा पार्किंगवरून दोन घरं बोलत नसतील, तर त्या वर्षी तो विषय मेसेजमध्ये आणू नका. आभारसुद्धा टोमणा वाटतील. ज्या ठरावात तुम्ही स्वतः अर्जदार होता, त्याबद्दलही तुम्ही आभार मानू नयेत, ते अध्यक्षांनी मानावेत. आणि सांगण्यासारखं खरंच काही घडलं नसेल तर तसंच राहू द्या. एका वर्षी मी फक्त एवढं लिहिलं होतं की झेंडा धुऊन इस्त्री करून ठेवण्याचं काम दरवर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू करतात आणि हे बहुतेकांना माहीत नाही. तो मेसेज तीन ओळींचा होता. काकूंना चार दिवस फोन येत होते.

ऑफिसची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. सोसायटीत तुम्हाला निवडून दिलंय. टीमने तुम्हाला निवडून दिलेलं नाही, आणि त्यांची वार्षिक पगारवाढ तुमच्या हातात आहे. ऑफिस हे काही प्रजासत्ताक नाही. तिथे ‘आपण सगळे समान’ असं वरच्या माणसाने लिहिलं की खालचे चौदाजण मनातल्या मनात हसतात. मूलभूत कर्तव्यं, मतदान, देशासाठी अधिक मेहनत, यातलं काही लिहू नका. सुट्टीच्या दिवशी वरिष्ठाकडून येणारा उपदेश कोणालाच नको असतो. आणि ‘ता. क. सोमवारपर्यंत रिपोर्ट’ तर मुळीच नको. मी एका अधिकाऱ्याला हे करताना पाहिलंय, त्याच्या शुभेच्छा त्या क्षणी रद्द झाल्या.

तिथे सरळ शोधायचं ते हे: त्या दिवशी सुट्टी कोणाला नाही? टीम परदेशी ग्राहकाला सपोर्ट देत असेल तर एक-दोघं २६ जानेवारीलाही लॉगिन करतात. माझ्या कारखान्यात बॉयलर हाउस आणि सिक्युरिटी. गृहपत्रिकेत आम्ही वर्षानुवर्षं ‘सर्व कामगार बंधू-भगिनींना’ असं छापायचो आणि पाळीवरच्या माणसांचा उल्लेखही नसायचा. त्यांच्यापैकीच एकाने विचारलं, "आम्हाला शुभेच्छा कुठल्या तारखेला?" तेव्हापासून त्या दिवशी पाळीवर असलेल्यांची नावं आधी, बाकीच्यांना शुभेच्छा नंतर. तुमच्यासाठी साधारण असं काहीतरी:

"उद्या सुट्टी. (नाव) आणि (नाव) उद्या दुपारच्या शिफ्टला आहेत. त्यांना बदली सुट्टी फेब्रुवारीत कधी हवी ते त्यांनी मला सांगावं, मी मंजूर करून ठेवते. बाकी कोणी उद्या मेल बघू नका, मीही बघणार नाही. प्रजासत्ताक दिनाच्या शुभेच्छा."

यातलं बदली सुट्टीचं वाक्य तुमच्या अधिकारात असेल तरच लिहा आणि लिहिलंत तर ती सुट्टी द्या. नाहीतर तो मेसेज फॉरवर्डपेक्षा वाईट. भाषा कोणती, तर टीमशी रोज बोलता ती. चौदांत मल्याळी, बंगाली असतील आणि रोजचं बोलणं हिंदी-इंग्रजीत होत असेल, तर २६ जानेवारीपुरतं शुद्ध मराठी किंवा संस्कृतप्रचुर हिंदी आणू नका. लिहिणारी तुम्ही आहात, हे ओळखू यायला हवं.

काही बारीक चुका आहेत, त्यांनी चांगला मेसेजही हास्यास्पद होतो. पहिली म्हणजे कितवा प्रजासत्ताक दिन. पहिला १९५० चा, म्हणून चालू सालातून १९४९ वजा करायचे: २०२६ चा ७७ वा. पण वर्धापन दिन म्हणायचं असेल तर १९५० वजा करायचे, म्हणजे ७६ वा. काही सरकारी पत्रिकांवर ‘वर्धापन दिन’ असतो आणि फॉरवर्डमध्ये ‘प्रजासत्ताक दिन’, त्यामुळे दरवर्षी ग्रुपवर वाद होतो आणि दोघंही बरोबर असतात. आकडा टाळता आला तर टाळाच. तसंच ‘आज संविधान लिहून पूर्ण झाले’ चूक, ते नोव्हेंबरमध्येच झालं होतं. आणि युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याची बातमी अजून फिरते. युनेस्कोने असं काहीही केलेलं नाही.

दुसरी चूक चित्राची. तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर सोसायटीचं नाव आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून कमिटीची यादी छापतात, ते करू नका. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये राष्ट्रध्वजावर काहीही लिहिणं हा ध्वजाचा अवमान धरला आहे, आणि ध्वजाच्या व्याख्येत त्याचं चित्र आणि फोटोही येतात. चित्र हवंच असेल तर गेल्या वर्षीच्या आपल्याच झेंडावंदनाचा फोटो टाका, त्यावर अक्षर न लिहिता. डोळे मिटलेले दोन-चार जण त्यात असणारच, त्यामुळेच लोक तो मोठा करून बघतात.

वेळ: २५ ची संध्याकाळ, सात-साडेसात. रात्री बाराला पाठवलेल्या मेसेजवर सकाळपर्यंत पन्नास शायऱ्या येऊन बसतात आणि झेंडावंदन कितीला हे विचारणारे फोन तुम्हालाच येतात. उत्तरं किती आली यावर मेसेज कसा झाला ते ठरवू नका. आमच्या त्या मेसेजला फक्त नऊ जणांनी हात जोडले होते. खाली मात्र साठेक माणसं आली, आणि ८:५३ वाले काका सुट्टीचा दिवस म्हणून सावकाश, शेवटी आले.

एक गोष्ट मी तेव्हा जवळजवळ विसरलेच होते. मेसेज ज्यांच्याबद्दल होता त्या मावशी, वॉचमन, पेपर टाकणारा मुलगा, यांच्यापैकी कोणीच ग्रुपवर नव्हतं. म्हणून तोच मजकूर मोठ्या अक्षरात मराठीत आणि हिंदीत छापून घेतला. नोटीस बोर्ड कमिटीच्या ऑफिसात आहे, तिथे ही माणसं जात नाहीत. मग बी विंगच्या लिफ्टजवळ गेले. पाटी काढल्यावर तिथे भिंतीत स्क्रूची चार भोकं राहिली होती. कागद त्यांच्यावरच चिकटवला.